कोबी दोषी नाही, मग टीएसएच का वाढला?

वाचकाचं पत्र

मी 43 वर्षांची आहे, वजन 62 किलो. 4 वर्षांपासून हायपोथायरॉइड आहे, थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी पॉझिटिव्ह आल्या होत्या. 75 मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. टीएसएच नेहमी 2.5 ते 3 असायचा, या वेळी 7.8 आला. 5 महिन्यांपूर्वी मी सकाळी बाजरीची लापशी खायला लागले आणि त्याच सुमारास डॉक्टरांनी कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. सकाळी उठल्यावर थायरॉइडची गोळी घेते, 15-20 मिनिटांनी चहा-नाश्ता आणि नाश्त्यावर या दोन्ही गोळ्या. सगळे म्हणतात कोबी, फ्लॉवर आणि बाजरीनं थायरॉइड बिघडतो, म्हणून कोबी-फ्लॉवर घरात आणणंच बंद केलं आहे. 17 वर्षांची मुलगी मात्र रोज कच्च्या कोबीचं सॅलड मागते. दोन वर्षांपासून आम्ही सगळे सैंधव मीठ खातो. नीट शिजवलं तर या भाज्या चालतील का? आणि बाजरी?

उत्तर

सस्नेह नमस्कार,

वेळा, मात्रा आणि आकडे तुम्ही इतके नेमके लिहिलेत की उत्तर अंदाजानं द्यावं लागत नाही. आधी निष्कर्ष सांगते. तुमचा टीएसएच, म्हणजे शरीराला थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की वाढणारा आकडा, कोबी-फ्लॉवरमुळे वाढलेला नाही, त्या भाज्या पुन्हा घरात येऊ द्या. शिजवल्यानं कोबी-फ्लॉवरमधला धोका खरोखर कमी होतो. बाजरीतला होत नाही, आणि ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. पण तुमच्या बाबतीत बाजरीतल्या त्या घटकांपेक्षा ती तुम्ही कोणत्या वेळी खाता हे जास्त महत्त्वाचं आहे. माझी खरी काळजी मात्र तुमच्या मुलीच्या मिठाबद्दल आहे.

कोबीची बदनामी सुरू झाली ती सशांपासून. 1928 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये चेस्नी आणि त्यांचे सहकारी वेगळ्याच आजाराच्या संशोधनासाठी ससे पाळत होते. या सशांच्या गळ्यात थायरॉइडच्या मोठमोठ्या गाठी त्यांना दिसल्या. त्यांचा आहार तपासला, तर खाणं जवळजवळ सगळं कोबीचंच होतं. पुढे असंही दिसलं की सशांना आयोडीन दिलं तर गलगंड टळतो. कोबीनं गलगंड होतो हा पहिला भाग जगभर पसरला. आयोडीन दिलं तर होत नाही, हा दुसरा भाग मागेच राहिला. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या दुसऱ्या भागात आहे.

कोबी, फ्लॉवर आणि त्यांच्या कुळातल्या सगळ्या भाज्यांमध्ये ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं असतात. ती जशी आहेत तशी थायरॉइडला काही करत नाहीत. त्यांना तोडणारं मायरोसिनेज नावाचं विकर त्याच पानात, पण वेगळ्या पेशींमध्ये बंद असतं. सुरी चालली किंवा दात लागला की मधल्या भिंती फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि काही मिनिटांत नवी द्रव्यं तयार होतात. चिरलेल्या कोबीचा उग्र वास येतो तो यातूनच. या नव्या द्रव्यांपैकी दोन थायरॉइडच्या वाटेत येतात.

पहिलं थायोसायनेट. थायरॉइडच्या पेशींना रक्तातलं आयोडीन आत ओढून घेण्यासाठी एक दार असतं, आणि थायोसायनेट त्याच दारात आयोडीनच्या आधी उभं राहायला बघतं. ही चढाओढ असल्यामुळे आयोडीन भरपूर असेल तर थायोसायनेट हरतं. सिगारेटच्या धुरातूनही शरीरात थायोसायनेटच तयार होतं आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात ते ठळकपणे वाढलेलं असतं. वाटीभर कोबीला घाबरणाऱ्या घरात कुणी सिगारेट ओढत असेल, तर आधी तिकडे बघावं.

दुसरं द्रव्य गॉयट्रिन. एका ठरावीक ग्लुकोसिनोलेटपासून ते तयार होतं आणि ते दारात थांबत नाही. ग्रंथीच्या आत आयोडीन पकडून हार्मोन बनवणारं थायरॉइड पेरॉक्सिडेज नावाचं विकर असतं, गॉयट्रिन त्यालाच अडवतं. म्हणून नुसतं आयोडीन वाढवून त्याचा परिणाम पूर्ण पुसला जात नाही. हे ऐकायला भीतिदायक वाटतं, तेव्हा मात्रेचा विचार लगेच करायला हवा. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 10 निरोगी माणसांनी 4 आठवडे रोज 150 ग्रॅम शिजवलेले ब्रसेल्स स्प्राउट्स खाल्ले. ही कोबीच्याच कुळातली भाजी, आणि गॉयट्रिन देणारं द्रव्य तिच्यात मुबलक असतं. तरीही त्यांच्या थायरॉइड हार्मोनच्या पातळीत फरक पडला नाही. दुसऱ्या टोकाची नोंद 2010 सालची आहे. 88 वर्षांच्या एका बाई कित्येक महिने रोज 1 ते दीड किलो कच्चा बोक चॉय, म्हणजे एक चिनी पालेभाजी, खात होत्या. थायरॉइडच्या तीव्र कमतरतेनं त्यांची प्रकृती गंभीर झाली आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. कच्ची भाजी, किलोच्या मापात आणि रोज, हे तिन्ही जुळून आल्यावर कोबीचं कूळ खरंच धोकादायक ठरतं. तुमच्या घरात यातलं काहीच घडत नव्हतं.

आता शिजवण्याबद्दल. उष्णतेनं मायरोसिनेज निकामी होतं, त्यामुळे ग्लुकोसिनोलेट असली तरी ती तोडणारं भाजीत कुणी उरत नाही. आपल्या आतड्यातले जिवाणू त्यातली थोडीफार तोडतात, म्हणून शिजवल्यावर धोका शून्य होतो असं मी म्हणणार नाही. पण कच्च्याच्या मानानं तो बराच खाली येतो. याशिवाय ही द्रव्यं पाण्यात विरघळतात. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अर्धा तास पाण्यात उकळल्यावर कोबीतली जवळपास 65 टक्के आणि फ्लॉवरमधली जवळपास 75 टक्के ग्लुकोसिनोलेट पाण्यात उतरली होती. वाफेवर शिजवल्यानं किंवा भरभर परतल्यानं मात्र ती फारशी कमी झाली नाहीत.

म्हणून अर्धा तास उकळून पाणी ओतून द्या, असं मी सांगणार आहे असं तुम्हाला वाटेल. तसं करू नका. त्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्वही जातं आणि भाजीचा लगदा होतो. नेहमीच्या मात्रेसाठी झाकण ठेवून भाजी आतपर्यंत गरम होईल आणि मऊ होईल इतकं शिजवणं पुरेसं आहे. फ्लॉवरचे तुरे मोठे ठेवले आणि मोठ्या आचेवर पाच मिनिटं परतले, तर बाहेरून तांबूस होतात आणि देठाचा गाभा कच्चा राहतो. देठात सुरीचं टोक सहज शिरलं म्हणजे उष्णता आत पोचली असं समजा. चिरलेला कोबी तासन् तास ठेवून मग शिजवला, तर विकराचं बरंचसं काम आधीच झालेलं असतं, म्हणून चिरला की लवकर चुलीवर चढवलेला बरा. यापलीकडे काही करण्याची गरज नाही.

बाजरीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात ग्लुकोसिनोलेट नाहीत आणि मायरोसिनेजचा खेळही नाही. तिच्यातले गलगंडकारक घटक म्हणजे सी-ग्लायकोसिल फ्लॅवोन नावाची द्रव्यं, व्हायटेक्सिन हे त्यांतलं एक. यांचाही रोख थायरॉइड पेरॉक्सिडेजवरच असतो, म्हणजे ग्रंथीच्या आत. या रेणूंमध्ये साखरेचा भाग कार्बनला कार्बननं जोडलेला असतो आणि ती गाठ स्वयंपाकाच्या उष्णतेनं सुटत नाही. त्यामुळे बाजरी भाजली, उकडली, कुकरमध्ये शिजवली, तरी हे घटक बऱ्याच अंशी तसेच राहतात. कोबीचा नियम बाजरीला लावून लोक निर्धास्त होतात, म्हणून हा फरक मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे.

हे प्रकरण प्रामुख्यानं सुदानमधल्या दारफुर भागातून पुढे आलं. तिथे बाजरी हेच मुख्य अन्न होतं आणि गलगंड सर्रास आढळत होता. 1989 साली गायतान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजरीतले हे घटक वेगळे करून प्रयोगशाळेत आणि उंदरांवर त्यांचा परिणाम दाखवला. सगळ्यात जोरदार परिणाम धान्याच्या कोंड्यात सापडला. म्हणजे उष्णतेनं जे साधत नाही ते कोंडा काढल्यानं काहीसं साधतं, पण कोंड्याबरोबर बाजरीतला तंतूही जातो. आंबवल्यानं मात्र काम होत नाही. सुदानमधल्या पारंपरिक पद्धतीनं आंबवलेल्या बाजरीवरच्या 1998 सालच्या एका अभ्यासात तिचा गलगंडकारक परिणाम उलट वाढलेला दिसला. आंबवलं की सगळे दोष जातात हा समज इथे लागू पडत नाही.

मग बाजरी सोडायची का? सुदानमधल्या लोकांच्या आहाराकडे नीट बघा. दिवसाची बहुतेक ऊर्जा त्या एकाच धान्यातून, तीही वर्षानुवर्षं, आणि अनेक ठिकाणी पाण्यात-मातीत आयोडीन कमी. पण आयोडीन पुरेसं असलं की बाजरी अगदी निर्दोष, असंही मी म्हणणार नाही. सुदानमध्येच आयोडीन पुरेसं असलेल्या मुलांमध्येही गलगंड आढळला आणि संशयाची सुई बाजरीकडे वळली, अशी पाहणी 2000 साली प्रसिद्ध झाली आहे. म्हणून माझा सल्ला असा की बाजरी आठवड्यातून तीन-चार वेळा खायला हरकत नाही, रोज तिन्ही त्रिकाळ तेच एक धान्य नको. ज्वारी, नाचणी, वरी, राळा यांना उगीच बाजरीच्या पंक्तीत बसवू नका. गलगंडाबाबत जो पुरावा आहे तो मुख्यतः बाजरीचा आणि फोनिओ नावाच्या आफ्रिकी भरडधान्याचा. "भरडधान्यं थायरॉइडला वाईट" हे सरसकट वाक्य चुकीचं आहे. बाजरीच्या जागी ही धान्यं आलटून पालटून वापरलीत की प्रश्न तिथेच मिटतो.

आता तुमच्या 7.8 कडे येऊ.

आतापर्यंत सांगितलेली सगळी द्रव्यं थायरॉइड ग्रंथीत काम करतात. आयोडीन आत जाऊ न देणं किंवा आत गेलेल्या आयोडीनचं हार्मोन होऊ न देणं, एवढंच त्यांना करता येतं. तुमच्या गोळीत थायरॉक्सिन हे तयार हार्मोन आहे. ते पोटातून थेट रक्तात जातं, ग्रंथीला वळसा घालून. जगातला सगळा कोबी एकत्र केला तरी तो त्या गोळीतल्या हार्मोनला हात लावू शकत नाही.

तुमची ग्रंथी मात्र पूर्ण बंद पडलेली नाही, आणि हे तुमच्याच आकड्यांवरून ताडता येतं. ग्रंथी अजिबात काम करत नसेल तेव्हा किलोला साधारण 1.6 मायक्रोग्रॅम इतकं थायरॉक्सिन लागतं. तुमच्या 62 किलोंना ते होतं सुमारे 99 मायक्रोग्रॅम. तुम्ही 75 घेता आणि त्यावर वर्षानुवर्षं टीएसएच 3 च्या आत राहिला. म्हणजे ढोबळमानानं तुमच्या हार्मोनचा तीन-चतुर्थांश भाग गोळीतून येत होता आणि उरलेला चतुर्थांश तुमची स्वतःची ग्रंथी देत होती. कोबी-बाजरीतली ही गलगंडकारक द्रव्यं फार तर त्या चतुर्थांशाच्या काही भागाला धक्का लावतील, तेही मोठ्या मात्रेत खाल्ली तर. आठवड्यातून दोनदा शिजवलेला कोबी आणि सकाळी वाटीभर लापशी एवढ्यानं तो भाग कोसळेल, हे मला पटत नाही.

गोळीतून येणारा तो तीन-चतुर्थांश भाग मात्र पाच महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या दिनक्रमात सहज कमी झाला असणार. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी चांगलं शोषलं जातं आणि ते शोषलं जायला वेळ लागतो. पंधरा-वीस मिनिटांत चहा आणि तंतूनं भरलेली लापशी वर आली की गोळीचा काही भाग अन्नात अडकतो. त्यापाठोपाठ कॅल्शियम आणि लोह येतात. ही दोन्ही पोटात थायरॉक्सिनला चिकटतात, आणि चिकटलेलं औषध आतड्यातून आत न जाता बाहेर पडतं. कॅल्शियमबद्दलचा एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. थायरॉक्सिन घेणाऱ्या 20 जणांनी तीन महिने रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम थायरॉक्सिनबरोबरच घेतलं, आणि त्यांचा सरासरी टीएसएच 1.6 वरून 2.7 वर गेला. काही जणांचा तर नेहमीच्या मर्यादेबाहेर गेला. कॅल्शियम थांबवल्यावर तो पुन्हा खाली आला. तुमच्याकडे कॅल्शियमबरोबर लोह आहे, चहा आहे आणि तंतूही आहे.

तीनचा आठ कसा होतो, हा प्रश्न तुम्हाला पडेल. टीएसएच आणि रक्तातलं हार्मोन एकाच पटीत हलत नाहीत. हार्मोन थोडंसं कमी झालं तरी मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच दुपटी-तिपटीनं वाढवते. म्हणून 7.8 आकडा बघून थायरॉइड एकदम ढासळला असं समजू नका. औषधाच्या शोषणात थोडी घट झाली तरी टीएसएच इतका वर जाऊ शकतो. तुमच्या अहवालात फ्री टी-4, म्हणजे रक्तातल्या मोकळ्या थायरॉक्सिनचा आकडा असेल तर तो बहुधा अजून सामान्य मर्यादेतच दिसेल.

लापशी आणि कॅल्शियम-लोह एकाच सुमारास सुरू झाल्यामुळे सगळा संशय बाजरीवर गेला, हे मी समजू शकते. लापशी पानात दिसते, गोळी गिळली की दिसेनाशी होते.

तर वेळापत्रक असं करा. थायरॉक्सिन उठल्याबरोबर, फक्त साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर पूर्ण तास, चहासुद्धा नाही. मग नाश्ता. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनपासून किमान चार तास दूर ठेवा, आणि ती दोन्हीही एकमेकांच्या आड येतात म्हणून लोह दुपारी आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर असं वाटून घ्या. सकाळी तासभर थांबणं खरंच जमत नसेल, तर थायरॉक्सिन झोपताना घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. शेवटच्या जेवणानंतर तीन तास गेले असतील तर तीही चांगली वेळ आहे, पण मग कॅल्शियम दुपारी हलवावं लागेल. हाडांसाठी आणि रक्तासाठी दिलेल्या या गोळ्या थायरॉइडच्या भीतीनं बंद करू नका. बाजरीही पुढचे काही आठवडे एकदम बंद करू नका. आहे तेवढीच, त्याच प्रमाणात खात राहा, फक्त गोळीपासून दूर. हे का ते शेवटी सांगते.

आता मुलगी. तिची ग्रंथी सगळं हार्मोन स्वतः बनवते आणि त्यासाठी तिला रोज सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडीन बाहेरून मिळायला हवं. तुम्हाला गोळीतून तयार हार्मोन मिळतं, आणि थायरॉक्सिनच्या वजनाचा जवळपास 65 टक्के भाग आयोडीनच असल्यामुळे थोडं आयोडीनही मिळतं. तिला यातलं काहीच मिळत नाही. सैंधव मिठात मुद्दाम आयोडीन घातलेलं नसेल तर त्यातलं आयोडीन नगण्य असतं, त्याचा रंग गुलाबी असो की पांढरा. साध्या समुद्री मिठाचंही तसंच. याउलट मिठात ग्रॅमला 30 मायक्रोग्रॅम आयोडीन घातलेलं असेल, तर दिवसाच्या 5 ग्रॅम मिठातून 150 मायक्रोग्रॅम मिळतात. साठवणीत आणि शिजवताना त्यातलं काही उडतं, म्हणून डबा घट्ट झाकणाचा हवा, ओल लागू देऊ नये आणि तो चुलीच्या वाफेपासून दूर ठेवावा.

सशांच्या गोष्टीचा दुसरा भाग इथे कामाला येतो. आयोडीन तोकडं असलेल्या ग्रंथीपुढे थायोसायनेट दारात उभं राहिलं तर ते जिंकतं. तुमच्या मुलीला ताटात कच्चा कोबी रोज हवा आहे आणि घरच्या मिठात आयोडीन नाही. या दोन्हींपैकी मी कोबी काढणार नाही, मीठ बदलेन. घरात आयोडीनयुक्त मीठ परत आणा, तेवढंच, जास्त नाही. मग वाटीभर, म्हणजे 70-80 ग्रॅम कच्चा कोबी तिनं रोज खाल्ला तरी मला चिंता नाही. एक-दोन दिवस त्याऐवजी काकडी-गाजर झालं तर उत्तमच. फक्त कच्च्या कोबीचा किंवा केल या त्याच कुळातल्या पालेभाजीचा पेलाभर रस रोज पिण्याचं वेड तिला लागू देऊ नका. रसात अर्ध्या किलोची भाजी एका घोटात जाते, आणि सगळ्या पेशी फुटलेल्या असल्यामुळे विकराला मोकळं रान मिळतं.

दोन वर्षं सैंधव खाल्लं आहे, तेव्हा तिची मान एकदा उजेडात बघा. तिला मान किंचित मागे करून पाण्याचा घोट गिळायला सांगा. गिळताना गळ्याच्या खालच्या भागात मधोमध किंवा बाजूला काही फुगवटा वर-खाली सरकताना दिसला, तर डॉक्टरांना दाखवा. तुम्हाला अँटीबॉडी आहेत आणि हा आजार कुटुंबात चालतो, म्हणून तिचा टीएसएच एकदा तपासून घेणं मला योग्य वाटतं. लघवीतल्या आयोडीनची एकच तपासणी करून घेऊ नका. ती चाचणी मोठ्या गटाची सरासरी काढायला चांगली आहे, पण एका माणसाचा आकडा दिवसागणिक इतका बदलतो की त्यावरून तिच्याबद्दल काही ठरवता येत नाही.

आणि मीठ बदलताना उलट टोक गाठू नका. आयोडीनच्या गोळ्या, समुद्री शैवालाच्या कॅप्सूल, थायरॉइड सपोर्ट म्हणून विकली जाणारी पूड, यातलं काहीही तुम्ही किंवा मुलीनं स्वतःहून घेऊ नये. अँटीबॉडी असलेल्या ग्रंथीवर आयोडीनचा जादा मारा झाला तर ती आणखी मंदावू शकते.

तुमची पुढची तपासणी वेळा सुधारल्यापासून आठ आठवड्यांनी करा. थायरॉक्सिनची रक्तातली मात्रा निम्मी व्हायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे नवी पातळी स्थिरावायला आणि टीएसएचला ती ओळखायला दीड-दोन महिने जातात. दोन आठवड्यांत केलेली तपासणी फसवी असते. त्या दिवशी रक्त दिल्यावर गोळी घ्या, म्हणजे फ्री टी-4 चा आकडाही नीट वाचता येईल. मधल्या काळात डोस स्वतःहून वाढवू नका आणि गोळीची कंपनीही बदलू नका. गेल्या काही महिन्यांत ती बदलली असेल तर डॉक्टरांना आठवणीनं सांगा. गर्भधारणेची शक्यता असेल किंवा छातीत धडधड, फार थकवा, पायांवर सूज असं काही असेल, तर आठ आठवडे थांबू नका, आधीच भेटा.

आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा 3 च्या आसपास आला, तर दोष गोळीच्या वेळेचा होता. बाजरी तेवढीच खात राहायला मी सांगितलं ते याचसाठी. ती सोडून दिलीत आणि आकडा सुधारला, तर वेळ बदलल्यानं सुधारला की बाजरी सोडल्यानं, हे कधीच कळणार नाही. आकडा 6-7 वरच राहिला, तर बहुधा तुमच्या ग्रंथीनं तो उरलेला चतुर्थांश द्यायचं कमी केलं आहे. अँटीबॉडी असलेल्या थायरॉइडमध्ये वर्षांगणिक असं घडतंच आणि ते कोबी खाल्ल्यामुळे किंवा न खाल्ल्यामुळे ठरत नाही. अशा वेळी तुमचे डॉक्टर गोळी 75 वरून 88 किंवा 100 वर नेतील, आणि त्यानंतर पुन्हा आठ आठवड्यांनी रक्त तपासायचं.